विषय: इनकमिंग इन्स्पेक्शनमधून सप्लायर क्वालिटी टीममध्ये बदलीसाठी विनंती

माननीय मॅडम,
स. न.

सप्लायर क्वालिटीमधल्या एका जागेसाठी कंपनीतूनच अर्ज मागवल्याची सूचना वाचली. मी गेली 4 वर्षं चाकणच्या प्लँटमध्ये इनकमिंग इन्स्पेक्शनला इंजिनिअर आहे. त्या जागेसाठी माझा विचार व्हावा, ही विनंती.

या कामाची ओढ कशी लागली ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात पंप हाउसिंगच्या 400 कास्टिंगचा लॉट आला. मापं बरोबर, वरून स्वच्छ. मीच पास केला. मशिन शॉपमध्ये फेस कापल्यावर 37 नगांत ब्लोहोल उघडे पडले. मशिनिंगचा खर्च वर गेला तो वेगळाच. तो लॉट पुन्हा माझ्या टेबलावर आला असता, तरी मी पासच केला असता. कातडीखालची पोकळी व्हर्निअरला दिसत नाही.

पुढे सप्लायर क्वालिटीच्या इंजिनिअरबरोबर दोन दिवस कोल्हापूरला, शिरोलीच्या फाउंड्रीत गेलो. नवी वाळू पत्र्याच्या शेडबाहेर भिजत होती आणि ओलाव्याचं रीडिंग शिफ्टला एकदाच घेतलं जात होतं. वाळू आत हलवली, रीडिंग दर तासाला सुरू झालं, साच्यांच्या व्हेंटकडेही लक्ष दिलं. पुढच्या लॉटमध्ये 3 नग गेले. मोल्डिंगवाल्या मामांशी वाळू मुठीत दाबून बघत बोललो, तेव्हा वाटलं की आपल्याला हेच काम करायचं आहे.

बदलीचा अर्ज म्हटला की कँटीनमध्ये पहिला प्रश्न येतो, "कोणाशी बिनसलं?" कोणाशीच नाही. त्या फाउंड्रीत मला पाठवलं ते आमच्या विभागप्रमुखांनीच, आणि लॉट पास केल्याचं खापर त्यांनी माझ्यावर फोडलं नाही. सोमवारी त्यांच्याशी बोलून मगच हे लिहितो आहे.

पीपॅपच्या फाइलमधला मापांचा भाग मला नीट येतो. प्रोसेस ऑडिट मात्र शिकावं लागेल. महिन्यातले दहा-बारा दिवस फिरतीची तयारी आहे. ग्रेड आणि पगार आहे तोच राहिला तरी चालेल.

इथलं काम अर्धवट टाकून जाणार नाही. गेजचं कॅलिब्रेशन पुढच्या महिन्यात आहे, ते पूर्ण करूनच निघेन. माझ्या हाताखालचे दोघे कास्टिंगचं इन्स्पेक्शन स्वतंत्रपणे करतात. फोर्जिंगसाठी त्यांना अजून सहा आठवडे तरी लागतील. बदलीनंतरही महिनाभर रोज एक तास त्यांच्यासाठी देईन.

या आठवड्यात मी पहिल्या शिफ्टला आहे. आपण सांगाल त्या दिवशी साडेतीननंतर भेटायला येतो.

आपला नम्र,
सुहास
इंजिनिअर, इनकमिंग इन्स्पेक्शन

प्रत: विभागप्रमुख, इनकमिंग इन्स्पेक्शन