३० दिवस जोर-बैठका, आपल्या गच्चीवरनं (सिरीजची पूर्ण स्क्रिप्ट)

दिवस १
(गच्ची, सकाळचे सहा, मोबाईल पाण्याच्या टाकीवर टेकवलेला)
नमस्कार, मी कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतनं बोलतेय. ३० दिवसांनी मला एका दमात ५० जोर आणि १०० बैठका मारायच्यात, जिम नाही, मशीन नाही, फक्त गच्ची आणि आमचे मामा, ज्यांनी तरुणपणी तालमीत माती अंगाला लावलीय. नियम आत्ताच सांगते, परत सांगणार नाही: रोज आधी कालचं करायचं, मग त्यात एकच नवीन गोष्ट. गुडघ्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. आज १० बैठका. चला.

दिवस २
मामा: बाळा, टाच!
खाली जाताना टाच उचलायची, भार चवड्यावर. कालच्याच १०, पण आज टाचेकडं लक्ष.

दिवस ३
(जिना उतरताना कठड्याला धरून)
मांड्या भरून आल्यात. कमेंटमध्ये पण सगळ्यांची हीच तक्रार आहे. नवीन व्यायामानंतर स्नायूंना बारीक इजा होते म्हणून दुखतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त, मग उतरतं. सांध्यात टोचल्यासारखं दुखत असेल तर मात्र थांबा. आज १० च, पण सावकाश.

दिवस ४
आज हात. खाली जाताना मागं, वर येताना पुढनं ओढून मुठी छातीशी. हात बरोबर फिरले की तोल आपोआप सावरतो, बघा करून. १२.

दिवस ५
श्वास. खाली जाताना बाहेर, वर येताना आत. मामा म्हणतात आकडा मोजायच्या आधी दम मोजायला शीक. १५.

दिवस ६, ७
(एकच क्लिप, बोलणं नाही, फक्त श्वासाचा आवाज) २०, मग २५.

दिवस ८
बैठका झाल्या, आता जोर. (कॅमेरा खाली, जमिनीलगत) हात-पाय जमिनीवर, कंबर वर, तिथनं छाती दोन हातांच्या मधनं जमिनीला घासल्यासारखी पुढं न्यायची, मान वर, आणि तसंच मागं. पुशअप्स म्हणून करू नका, त्यात फक्त वर-खाली असतं, इथं पाठीचा कणा, खांदे, कंबर सगळं एका लाटेत हलतं. ३ च मारले आणि खांदे थरथरले.

दिवस ९ ते १२
रोज १ जोर जादा, बैठका ३०. बाराव्या दिवशी मामा पहिल्यांदा गप्प बसले, म्हणजे बरोबर चाललंय.

दिवस १३
(खासबाग मैदानाबाहेर)
हे राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलं, १९१२ चं. चारी बाजूला उतार असा की कुठंही बसा, मधला कुस्तीचा हौद दिसतोच. कोल्हापुरात कुस्ती रुजली ती महाराजांच्या आधारानं, आणि त्या कुस्तीचा पाया म्हणजे हेच जे आपण करतोय. आजचे ८ जोर घरीच मारून आलेय.

दिवस १४
खुराक. रात्री भिजवलेले बदाम सोलायचे, खसखस, बडीशेप, चार मिरी घालून पाट्यावर वाटायचं आणि दुधात घालायचं. (क्लोजअप: वरवंट्याखाली पांढरी पेस्ट) प्रोटीनचा महागडा डबा लागत नाही हो, खरंच.

दिवस १५
निम्मं झालं. १० जोर, ४० बैठका, मध्ये एकदाच थांबले.

दिवस १६ ते २०
थांबणं कमी करायचंय. सोळाव्याला दहा श्वास विश्रांती, मग रोज एकेक श्वास कमी.

दिवस २१
पाऊस. गच्ची निसरडी, म्हणून हॉलमध्ये. २० जोर, ६० बैठका, आई मोजायला बसली.

दिवस २२
सपाटे! जोर आणि बैठक जोडून, जोर संपला की उडी घेऊन पाय हातांजवळ, बैठकीत उठायचं, परत खाली. ५ सपाटे म्हणजे जाळ आणि धूर संगटच. आधी श्वास, टाच, हात हे जमलेलं असेल तरच, नाहीतर कालचंच करा, कुणी हसणार नाही.

दिवस २३ ते २६
२५ जोर, मग ३०, ३५, ४०. बैठका जोरांच्या दुप्पट.

दिवस २७
आज निम्मंच. अंगाला सावरू द्यायचं, हा पण व्यायामाचाच भाग.

दिवस २८, २९
४५ जोर, ९० बैठका, दोन्ही दिवस तेच. मामांनी फक्त मान हलवली.

दिवस ३०
(मोबाईल टाकीवर, एकही कट नाही, मोजणी ऐकू येते)
मामा: …सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर! आता जोर, बस नको!
(जोर संपेपर्यंत कॅमेरा चालू)
मामा: पन्नास! शाब्बास गं!
झालं! तुमचा तिसावा दिवस येईल तेव्हा मला टॅग करा, उशिरा आला तरी चालेल, प्रत्येकाचा व्हिडिओ मामांना दाखवणार आणि टाच बघून ते काय म्हणतात ते तुम्हाला कळवणार.