पैठणीच्या पेटीचा मॉकअप: प्रॉम्प्ट, तिसरी फेरी

येवल्याच्या पैठणीसाठी झाकण-तळाची कडक पुठ्ठ्याची पेटी. स्टुडिओत काढल्यासारखा खरा फोटो, चित्र किंवा थ्रीडी रेंडर नको. चौकट उभी, 4:5. कॅमेरा थोडा वरून, समोरच्या कोपऱ्याकडे.

तळ 380×280×50 मिमी. झाकण 386×286, खोली 30 मिमी, म्हणजे तळाचा खालचा 20 मिमी पट्टा बाहेर दिसतो. पुठ्ठा 2 मिमी जाड, घडीवर व्ही-खाच मारलेली, त्यामुळे कडा धारदार. गोलसर, फुगीर कडा चालणार नाहीत. वरचा कागद वांगी रंगाचा, अनकोटेड, सुती पोताचा, आतपर्यंत त्याच रंगाचा. म्हणून कोपऱ्यावर पांढरी रेघ उमटू नये. कोपऱ्यातला कागदाचा जोड मात्र बारकाईने पाहिल्यावर दिसायला हवा. हाताने मढवलेल्या पेटीत तो असतोच.

पेटीशेजारी उलगडलेलं दुसरं झाकण, पालथं. मध्ये 446×346 मिमीचा करडा पुठ्ठा, चारही कोपऱ्यांत 30 मिमीचे चौकोन कापून काढलेले. चार सरळ खाचा, एक बाजू नुकती वर वळवलेली. पुठ्ठ्याबाहेर चहूबाजूंनी 20 मिमी वांगी कागद मोकळा, आत दुमडायचा. छापील तुटक रेघा, बाण, मापं काहीही नकोत. घडी खाचेवरूनच कळू दे.

झाकणाच्या मध्यभागी बांगडी मोर: 70 मिमी व्यासाचं वर्तुळ, आत मोर. एम्बॉसिंग आणि फॉइलिंग एकाच पितळी डायचं, तंतोतंत जुळलेलं. उठाव साधारण 0.6 मिमी. उठावाच्या पायाशी कागद हलका ताणलेला, सावली मऊ. मागच्या फेरीत मोर वरून चिकटवलेल्या स्टिकरसारखा आला होता. तो कागदातूनच वर आला पाहिजे.

फॉइल जुन्या जरीसारखं फिकं सोनेरी, अर्धचमकदार. पिवळा रंग नको, चकाकीचे तारेही नकोत. सोनं इथे आरशासारखं वागतं: डावीकडच्या पिसांत खिडकीचा पांढरा पट्टा, उजवीकडची पिसं खोलीच्या अंधारामुळे जवळजवळ तपकिरी. पिसांच्या रेषा 0.3 मिमी, कडा स्वच्छ तुटलेल्या, रेषांमधला वांगी कागद निस्तेज. याच फरकावर सगळी श्रीमंती उभी आहे.

झाकणाच्या कडेने 12 मिमी नारळी काठ, फक्त फॉइल, एम्बॉसिंग नाही. गरम डायच्या दाबाने तो कागदाच्या पातळीखाली किंचित बसलेला.

मोराखाली 90×30 मिमी जागा कोरी. अक्षरं काढू नका; मात्रा आणि वेलांट्या तुटतात. नाव नंतर फाइलमध्ये बसवू.

प्रकाश एकच, डाव्या बाजूच्या खिडकीचा, टेबलाशी साधारण 20 अंशांवर, म्हणजे उठाव उजळतो. खाली मातकट रंगाचा दगडी पृष्ठभाग. फुलं, पणत्या, हात, धूर काही नको.