कोजागरीच्या गच्चीवरील खटला

(स्थळ: पुण्यातील एका सोसायटीची गच्ची. मसाला दूध अद्याप आटायचे असल्यामुळे न्यायदानास वेळच वेळ आहे. न्यायाधीश सुहास काळी शाल पांघरून पालथ्या बादलीवर विराजमान झाले आहेत.)

पट्टेवाला: आरोपी मंदार, हाजिर हो! (आरोपी शेजारीच भडंग खात असल्यामुळे त्याला फक्त उभे करण्यात येते.)

सरकारी वकील नीलेश: महोदय, सकाळी सहा वाजता पर्वतीच्या पायथ्याशी भेटण्याचे ठरले असता आरोपीने फोनवर "पोहोचलोच, सिग्नलला उभा आहे" असे सांगितले, परंतु त्याच वेळी पाठीमागून कुकरची शिट्टी स्पष्ट ऐकू आली.

आरोपी: ती वाहतूक पोलिसाची शिट्टी होती.

वकील: पोलिसाच्या तीन शिट्ट्या झाल्यावर "अहो, गॅस बंद करा" असे कोणी ओरडत नाही. फसवणुकीबद्दल आरोपीस कलम ४२० लावावे.

न्यायाधीश: ते कलम १ जुलै २०२४ रोजी सेवानिवृत्त झाले. आता भारतीय न्याय संहितेचे ३१८ लावावे लागेल. चारसोबीस म्हणण्यातली मजा त्यात नाही, पण कायद्यापुढे न्यायालयाचा नाइलाज आहे. पुढे चला.

वकील: मागील कोजागरीस आरोपीने पातेल्यात डाव खोलवर फिरवून सर्व काजू-पिस्ते स्वतःच्या पेल्यात घेतले, हा दुसरा आरोप. तिसरा मात्र गंभीर आहे. फिर्यादी शिल्पा यांनी दिवाळीत चिवडा भरून दिलेला स्टीलचा डबा आरोपीने परत केलेला नाही. पंचांसमक्ष जप्त केलेला मुद्देमाल सादर आहे.

आरोपी: मला डब्याच्या बुडावर कोरलेले नाव वाचण्याची परवानगी असावी. (मोबाइलचा उजेड पाडून) "सौ. कुसुम यांस, मंगळागौर, १९८८."

(शांतता. सर्वांच्या नजरा बादलीकडे वळतात.)

न्यायाधीश: अगं शिल्पा, हा तर आमच्या आईचा डबा! घरात चार वर्षे शोधतोय आम्ही!

शिल्पा: काकूंनीच त्यातून अनारसे दिले होते, महोदय. रिकामा कसा परत करायचा, म्हणून राहून गेला.

आरोपी: चोरीचा माल जवळ बाळगल्याबद्दल फिर्यादीवर कलम ३१७ लावावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

न्यायाधीश: (लाटणे आपटून) शांतता! चोरीचा माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा असून तो परत मिळाला आहे आणि आरोपी पहिल्यांदाच पकडला गेला आहे. सबब कलम ३०३ अन्वये त्यास सामुदायिक सेवेची शिक्षा देण्यात येते: आजचे दुधाचे पातेले, खाली लागलेल्या खरवडीसह, त्यानेच घासावे. फिर्यादीने विसळावे.

वकील: आणि डबा, महोदय?

न्यायाधीश: डबा न्यायालय घरी नेईल. भडंग भरून.