विषय: १९ ते २६ नोव्हेंबर २०२५ च्या मुक्कामाआधी महिला डॉर्मची सुरक्षितता, लॉकर आणि रात्री परतण्याच्या वेळेबाबत विचारणा

दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५

माननीय व्यवस्थापक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पणजीतील हॉस्टेलमध्ये सहा खाटांच्या महिला डॉर्ममधली एक खाट मी बुधवार, १९ नोव्हेंबरपासून बुधवार, २६ नोव्हेंबरपर्यंत सात रात्रींसाठी राखून ठेवली आहे आणि आगाऊ रक्कमही भरली आहे. काल फोनवर आपल्या रिसेप्शनवरील ताईंशी बोलणे झाले. त्यांनी आपुलकीने माहिती दिली. परंतु माझे प्रश्न बरेच असल्यामुळे ते सविस्तर लिहून पाठवावेत, म्हणजे व्यवस्थापक स्वतः उत्तर देतील, असे त्यांनी सुचवले. म्हणून हे पत्र.

मी डोंबिवलीला राहते, ठाण्यातील एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे आणि इफ्फी या चित्रपट महोत्सवासाठी एकटीच येणार आहे. यापूर्वी मी हंपी, कोची आणि उदयपूर येथे एकटीने प्रवास करून हॉस्टेलमध्ये राहिलेली आहे, त्यामुळे सामायिक खोलीत राहण्याची मला सवय आहे आणि ते आवडतेही. पुढे जे विचारले आहे ते आपल्याविषयीच्या अविश्वासातून नव्हे. पूर्वीच्या दोन अनुभवांमुळे नेमके काय विचारून घ्यायला हवे हे कळले आहे, एवढेच.

सर्वांत आधी पोहोचण्याची वेळ. १९ तारखेला सकाळी मी ठाण्याहून मांडवी एक्सप्रेसने निघेन आणि करमळीला उतरेन. गाडी वेळेवर असली तर संध्याकाळीच पणजीत पोहोचेन. परंतु कोकण रेल्वेचा मार्ग बहुतांशी एकेरी असल्यामुळे क्रॉसिंगसाठी गाडी एखाद्या स्थानकात थांबून राहिली, की दोन-तीन तासांचा उशीर सहज होतो. तसे झाल्यास रात्री नऊ-दहाच्या सुमारास मी करमळी स्थानकावर असेन. त्या वेळी कदंबची बस मिळेल असे मी धरून चालत नाही. आपल्या ओळखीचा, पाहुण्यांना नेहमी आणणारा एखादा टॅक्सीचालक असल्यास त्याचा क्रमांक, अंदाजे भाडे आणि गाडी थेट आपल्या दारापर्यंत येते की फोंतेन्हासच्या अरुंद गल्लीच्या तोंडाशी उतरून पुढे सामान घेऊन चालावे लागते, हे कृपया कळवावे. चालावे लागत असेल तर त्या गल्लीत रात्री दिवे असतात का, हेही सांगावे. मी दहानंतर पोहोचले तर रिसेप्शनवर कोणी जागे असेल ना, याची खात्री मला निघण्यापूर्वी हवी आहे.

आता डॉर्मविषयी. ‘महिला डॉर्म’ असे नोंदणीच्या वेळी लिहिलेले असले, तरी गर्दीच्या दिवसांत खाटा कमी पडल्यावर तीच खोली मिश्र केली जाते, असा प्रकार इतरत्र माझ्या पाहण्यात आला आहे. इफ्फीच्या आठवड्यात पणजीत जागा मिळणे किती कठीण असते, हे आपण माझ्याहून अधिक जाणता. त्यामुळे माझ्या सातही रात्री ही खोली केवळ स्त्रियांसाठीच राहील, हे आपण लेखी कळवावे अशी विनंती आहे. स्नानगृह व शौचालय खोलीच्या आतच आहे, की बाहेरच्या सज्जातून जावे लागते? बाहेर असल्यास ते पुरुष पाहुण्यांबरोबर सामायिक आहे का, आणि त्याची कडी आतून नीट लागते का? साफसफाईसाठी खोलीत कोण येते, साधारण किती वाजता येते, आणि येण्यापूर्वी दार वाजवण्याची पद्धत आहे का?

खोलीचे दार कसे उघडते, हाही माझ्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा आहे. की-कार्ड असेल तर पाहुणी गेल्यावर तिचे कार्ड बंद केले जाते का, आणि आकड्यांचे कुलूप असेल तर तो आकडा किती दिवसांनी बदलला जातो, हे मला जाणून घ्यायचे आहे. महिनाभर एकच आकडा ठेवला, तर तोवर राहून गेलेल्या प्रत्येकीला आणि तिने ज्याला सांगितला त्या प्रत्येकाला तो ठाऊक असतो. सज्जात आणि प्रवेशद्वाराशी कॅमेरे असावेत, खोलीच्या आत मात्र नसावेत, अशी माझी अपेक्षा आहे. आपल्याकडे ते कोठे बसवले आहेत, तेवढे सांगावे.

शक्य असल्यास मला खालची, भिंतीकडची खाट द्यावी. पडदा असल्यास उत्तमच. आपली वास्तू जुनी, लाकडी जिन्याची आहे असे छायाचित्रांवरून दिसते. अशा घरांचे मला फार अप्रूप आहे. पण वरच्या मजल्यावरून खाली येण्यास तो एकच जिना आहे, की दुसरी वाटही आहे? आणि खिडक्यांना गज असतील तर ते आतून उघडता येतात का? आगीसारखा प्रसंग रात्री ओढवला तर अंधारात कोणत्या दिशेने जायचे, हे पहिल्याच संध्याकाळी कोणी दाखवून दिले तर मी निर्धास्त झोपेन.

लॉकरविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण माझा पहिला कटू अनुभव त्यासंबंधीचा आहे. एका हॉस्टेलमध्ये मी माझे स्वतःचे चांगले पितळी कुलूप लावून सकाळी बाहेर पडले होते. परत आले तेव्हा कुलूप जसेच्या तसे होते, पण लॉकरचे दार एका बाजूने किंचित खाली लोंबत होते. जवळ जाऊन पाहिले, तर बिजागरीचे स्क्रू बाहेरच्या बाजूने होते आणि खालचे दोन सैल करून दार वाकवलेले होते. पाकिटातली रोकड गेली. कॅमेरा त्या दिवशी माझ्या खांद्यावर होता म्हणून वाचला. तेव्हापासून मी कुलुपाआधी बिजागरी पाहते. आपल्या लॉकरच्या बिजागऱ्या आतून आहेत की बाहेरून, तो लोखंडी आहे की प्लायचा, आणि भिंतीला किंवा खाटेला पक्का जोडलेला आहे का, हे कृपया सांगावे. एखाद्या लॉकरचे दार उघडे ठेवून काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात, तर या सर्व प्रश्नांची उत्तरे त्यातच मिळतील. माझी पाठीवरची सॅक ४५ लिटरची आहे. ती पूर्ण आत मावते का? न मावल्यास लॅपटॉप, कॅमेरा आणि कागदपत्रे आत ठेवून सॅक खाटेखाली ठेवेन, पण मग तिला साखळी लावायला काही आधार हवा. कुलूप मी स्वतःचेच आणेन. त्याची कडी ६ मिलिमीटर जाडीची आहे, ती आपल्या कोयंड्यात जाईल ना? लॉकरच्या आत चार्जिंगची सोय असेल तर तेही कळवावे, म्हणजे फोन बाहेर उघड्यावर लावून आंघोळीला जावे लागणार नाही. २६ तारखेला खोली सकाळी सोडून संध्याकाळच्या कोकणकन्येने मी परतणार आहे. मधल्या वेळेत सामान रिसेप्शनवर कुलूपबंद ठेवता येईल का?

दुसरा अनुभव नोंदवहीचा आहे. एका ठिकाणी येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाव, फोन क्रमांक आणि खोलीचा क्रमांक ज्या वहीत लिहून घेत, ती वही दिवसभर टेबलावर उघडीच असे. दुसऱ्या रात्री मला अनोळखी क्रमांकावरून संदेश आला आणि त्यात माझे नाव व खाटेचा क्रमांक होता. प्रत्यक्ष काही वाईट घडले नाही, पण ती रात्र मी बसून काढली. म्हणून विचारते : आपल्याकडे अशी वही असेल तर ती इतर पाहुण्यांच्या नजरेस पडते का? ओळखपत्र म्हणून मी मास्क्ड आधार, म्हणजे ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात ते, दाखवले तर चालेल का, आणि त्याची प्रत घेतल्यास ती कोणाच्या ताब्यात राहते?

राहिला प्रश्न रात्री परतण्याच्या वेळेचा, आणि माझ्या येण्याचा सगळा हेतूच त्यावर अवलंबून आहे. वर्षभर मी या आठ-नऊ दिवसांची वाट पाहते. इफ्फीतले शेवटचे खेळ रात्री उशिरा सुरू होऊन मध्यरात्रीच्या सुमारास, कधी त्यानंतरही संपतात, आणि पुन्हा कोठे पाहायला मिळतील की नाही असे काही चित्रपट नेमके त्याच खेळांना लागतात. दार अकराला बंद होणार असेल, तर शेवटच्या अर्ध्या तासात पडद्याऐवजी घड्याळाकडे पाहत बसावे लागेल आणि चित्रपट अर्धवट सोडून उठावे लागेल. काल ताईंनी ‘अकरापर्यंत या’ असे सांगितले; परंतु ती वेळ दार बंद होण्याची आहे, की इतरांची झोपमोड होऊ नये म्हणून शांतता पाळण्याची, हे फोनवर स्पष्ट झाले नाही. शांततेची वेळ असेल तर मी ती मनापासून पाळेन : कपडे आधीच बाहेर काढून ठेवेन, दिवा लावणार नाही, फोन मूक ठेवेन. दार बंद होण्याची वेळ असेल तर इफ्फीच्या दिवसांपुरती, पास दाखवून, साडेबारा-एकपर्यंत सवलत मिळू शकेल का? रात्री दार कोण उघडते, घंटा वाजवायची की फोन करायचा, आणि ती व्यक्ती आवारातच झोपते का, हे मला माहीत असले पाहिजे. माझ्या आईने या प्रवासाविषयी एकच प्रश्न विचारला आहे, ‘रात्री दाराशी कोण असतं?’ आणि त्याचे नीट उत्तर तिला द्यावे अशी माझी इच्छा आहे.

आणखी एक स्पष्टपणे विचारते. वेळेचा हा नियम स्त्री-पुरुष सर्वांना सारखाच आहे का? सर्वांना सारखा असेल तर तो घराचा नियम म्हणून मला मान्य आहे आणि त्यात काय बसते ते मी पाहीन. मात्र तो केवळ महिला डॉर्मसाठी असेल, तर मला तो स्वीकारणे कठीण जाईल. तसे असल्यास आत्ताच सांगावे, म्हणजे मला दुसरी सोय पाहता येईल.

आयनॉक्सपासून आपल्याकडे यायला दोनएक किलोमीटर अंतर असावे. दिवसा मी ते आनंदाने चालेन. मध्यरात्री चालण्याचा माझा विचार नाही. त्या वेळी टॅक्सी किंवा भाड्याने दुचाकीवरून सोडणारे पायलट मिळतात का, आणि आपल्याकडे उतरलेल्या इतर प्रतिनिधींपैकी कोणी एकत्र परतत असतील तर त्यांच्याशी ओळख करून द्याल का?

बाकीची रक्कम मी २५ ऑक्टोबरपूर्वी भरायची आहे. त्याआधी, शक्यतो मंगळवार, २१ तारखेपर्यंत उत्तर मिळाले तर बरे होईल. दिवाळीचे दिवस आहेत याची जाणीव आहे. त्यामुळे सर्व प्रश्नांना एकदम उत्तर देणे जमले नाही, तर खोली फक्त स्त्रियांचीच राहणार ना, लॉकरचा फोटो आणि रात्रीच्या दाराची वेळ, एवढे तीन मुद्दे तरी आधी कळवावेत. लिहिण्याऐवजी फोन करणे सोयीचे असेल तर नोंदणीत दिलेल्या क्रमांकावर सायंकाळी सहानंतर मी उपलब्ध असते. पण खोलीविषयीचे आश्वासन तेवढे लेखी द्यावे.

आपणांस व आपल्या सर्व सहकाऱ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा.

आपली विश्वासू,
शुभदा
डोंबिवली