कुंडलिका राफ्टिंग, कोलाड : जोखमीची माहिती आणि संमतिपत्र

सही करण्याआधी हे पूर्ण वाचा. तुमचे वाचून आणि विचारून होईपर्यंत राफ्ट निघणार नाही.

नदीबद्दल
कुंडलिकेत आपल्याला मिळणारे पाणी भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सुटते. ते कधी आणि किती सोडायचे, हे आमच्या हातात नाही. पावसाळ्यात त्यात डोंगरावरचे पाणी मिसळते आणि प्रवाह अचानक वाढू शकतो. राफ्ट उलटू शकते, तुम्ही पाण्यात पडू शकता. खडकावर आपटून खरचटणे, हाड मोडणे, दुसऱ्याचे वल्हे तोंडावर लागणे हे घडू शकते. क्वचित बुडून मृत्यूही होऊ शकतो. लाइफ जॅकेट आणि हेल्मेटने धोका कमी होतो, संपत नाही.

पाण्यात पडलात तर पाठीवर तरंगा, पाय पुढे आणि पाण्याच्या वर ठेवा. वाहत्या पाण्यात उभे राहू नका, मग पाणी गुडघाभर का असेना. पाय खडकात अडकला तर प्रवाह माणसाला खाली दाबतो.

आमची जबाबदारी
प्रशिक्षित गाइड, तुमच्या मापाचे सुस्थितीतले साहित्य, निघण्यापूर्वी सूचना व सराव, बचावाचा दोर, प्रथमोपचार आणि गरज पडल्यास रुग्णालयात नेण्याची सोय आम्ही देऊ. यात आमच्याकडून निष्काळजीपणा झाला, तर हा कागद पुढे करून आम्ही हात झटकणार नाही. कायद्याने तुम्हाला दिलेले हक्क तुमच्याकडेच राहतात. फीमध्ये अपघात विमा धरलेला नाही.

माझे निवेदन
वरील धोके मला समजले आहेत आणि मी स्वेच्छेने येत आहे. हृदयविकार, फिट्स, दमा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा मोडलेले हाड, पाठीचे किंवा खांद्याचे जुने दुखणे, गरोदरपण यांपैकी काही असल्यास मी ते गाइडला सांगितले आहे. (पोहता येत नसेल तर तेही सांगा. त्यावरून तुमची जागा ठरते.) मी दारू किंवा नशा केलेली नाही.

नदीवर गाइडचा शब्द शेवटचा राहील. मी जॅकेट-हेल्मेट काढणार नाही, परवानगीशिवाय पाण्यात उतरणार नाही.

नदीच्या अंगभूत धोक्यांमुळे, मी लपवलेल्या आजारामुळे किंवा मी सूचना न पाळल्यामुळे मला इजा किंवा नुकसान झाले, तर त्याची भरपाई मी संचालक व गाइड यांच्याकडे मागणार नाही. सोबत नेलेला मोबाइल, चष्मा, दागिने यांची जबाबदारी माझी. तातडीच्या वेळी प्रथमोपचार करण्यास आणि रुग्णालयात हलवण्यास माझी संमती आहे.

पाणी सुटले नाही किंवा आम्ही सुरक्षिततेसाठी फेरी रद्द केली, तर पूर्ण पैसे परत. नशेत आलेल्या पाहुण्याला मात्र बसवणार नाही आणि पैसेही परत मिळणार नाहीत.

१४ वर्षांखालील मुलांना आम्ही घेत नाही. १४ ते १७ वयाच्या मुलांसाठी आई, वडील किंवा कायदेशीर पालकांची सही लागेल. काका-मामा किंवा शिक्षकांची चालणार नाही.

ही संमती आजच्या एका फेरीपुरतीच आहे. सहीनंतरही काठावरून माघार घ्यावीशी वाटली तर निःसंकोच सांगा, अर्धी फी परत मिळेल.