श्रुतलेखन ७ : पाण्याचा दिवस

पातळी : मध्यम. वेळ : ३० मिनिटे. गुण : २०.

वाचणाऱ्यासाठी

हा उतारा संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या संध्याकाळच्या वर्गासाठी केला आहे. वर्गात बहुतेक जण बँकेतले, रेल्वेतले किंवा वाळूजच्या कंपन्यांतले. कुणाची घरची भाषा हिंदी, कुणाची तेलुगू, तर दोघी-तिघी याच शहरात जन्मल्या, पण शाळा उर्दूतून झाली. बोलतात सगळे बरे. लिहिताना अडतात.

उतारा तीनदा वाचायचा. पहिल्यांदा सलग आणि नेहमीच्या वेगाने. तेव्हा पेन खाली ठेवलेले हवे. दुसऱ्यांदा तुकड्यातुकड्याने. तिरकी रेघ आली की मनात पाच आकडे मोजा आणि पुढे जा. रेघ लिहायची नसते, हे एकदा सांगून टाका, नाहीतर एखाद्या वहीत ती उतरतेच. तिसऱ्यांदा पुन्हा सलग, तपासण्यासाठी. ‘पूर्णविराम’ आणि ‘स्वल्पविराम’ मोठ्याने सांगा. अवतरणचिन्ह सांगू नका. कोण बोलतंय ते त्यांना आवाजावरून कळलं पाहिजे.

अक्षरं फोडून वाचू नका. ‘दु-स-ऱ्या’ असं कुणी बाजारात बोलत नाही.

वाचण्याआधी फळ्यावर एवढेच शब्द लिहा : गुलमंडी, जायकवाडी, मलिक अंबर, वाळूज, सिडको. विशेषनामांवरून गुण कापायचे नाहीत.

उतारा

सकाळचे साडेसहा वाजले आहेत. / सूर्य अजून वर आलेला नाही / आणि गुलमंडीवरची दुकानेही बंद आहेत, / पण आमच्या गल्लीत लगबग सुरू आहे. / आज नळाला पाणी येणार आहे. / हा दिवस चुकला, / तर पुढचे काही दिवस / टँकरवर काढावे लागतात. / म्हणून घरमालकीण काकूंनी / मोठे पिंप, बादल्या आणि घागरी / रात्रीच घासूनपुसून ठेवल्या आहेत.

आमचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून, / सुमारे पन्नास किलोमीटरवरून येते. / चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने / जमिनीखालून नहर काढून / याच गावाला पाणी पुरवले होते. / काकू म्हणतात, / “त्याच्या राज्यात मोटार लावावी लागत नव्हती!”

मी बँकेत जायला निघतो. / कोपऱ्यावरच्या टपरीत दूध उकळते आहे. / दुधाच्या पिशव्या लटकवून / एक मुलगा सायकलवरून जातो. / वाळूजला पहिल्या पाळीला जाणारे कामगार / केव्हाच गेले. / दुसऱ्या पाळीचे अजून झोपेत असतील. / पैठण गेटच्या जुन्या दरवाजाशी / वाहने खोळंबली आहेत. / कोणी हॉर्न वाजवतो, / कोणी हात दाखवून वाट मागतो / आणि एक म्हैस / कोणाचीही पर्वा न करता / मधोमध उभी राहते.

क्रांती चौकात रिक्षावाला ओरडतो, / “सिडको, सिडको! कुठं जाऊ राहिले, साहेब?” / “बाबा पेट्रोल पंपावर.” / “ते उलट्या बाजूला राहिलं. समोरून बसा.”

मी रस्ता ओलांडतो, तोच फोन वाजतो. / काकूंचा आवाज येतो, / “पाणी गेलं. पिंप अर्धंच भरलं.”

उत्तर-टिपा

आधी वहीवर वही ठेवून शेजाऱ्याचं तपासा, मग टिपा वाचा. शब्द गाळला किंवा दुसराच लिहिला, तर एक गुण जातो. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, ळ-ल, ण-न यांना अर्धा. तीच चूक त्याच शब्दात पुन्हा झाली, तर पुन्हा कापायचं नाही. पहिल्या खेपेला बारा गुण पडले तर चांगलं चाललंय असं समजा.

*पाणी आणि आणि.* सगळ्यात जास्त अर्धे गुण इथेच सांडतात. मराठी शब्दाच्या शेवटचा इ किंवा उ दीर्घ लिहायचा : पाणी, मी, कोणी, काकू, बाजू, सुरू. ‘आणि’ मात्र ऱ्हस्व. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांत ‘आणि’ व ‘नि’ हे अपवाद म्हणून दिले आहेत. कारण विचारू नका, पाठ करा. ‘सुरू’मध्ये पहिला सु ऱ्हस्व, दुसरा रू दीर्घ, दुकानांच्या निम्म्या पाट्यांवर ‘सुरु’ दिसेल, तिकडे बघू नका.

*दूध, पण दुधाच्या.* उताऱ्यात हे दोन्ही शब्द मुद्दाम लागोपाठ ठेवले आहेत. दूध, फूल, पूल, वीट, जमीन, गरीब अशा शब्दांत शेवटचं अक्षर अकारान्त असलं, की त्याआधीचा इ-उ दीर्घ असतो. प्रत्यय लागून शब्द लांबला की तोच ऱ्हस्व होतो : दुधाचा, फुलाला, पुलावर, विटेचा, जमिनीखालून, गरिबाला. कान लावून ऐकलं तर हा फरक ऐकूही येतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द यातून सुटतात : ‘गुण’ ऱ्हस्वच राहतो आणि ‘सूर्य’ला प्रत्यय लागला तरी ‘सूर्याला’ दीर्घच.

‘काढून’, ‘म्हणून’, ‘घासूनपुसून’, ‘समोरून’ यांतला ऊ कायम दीर्घ. ‘घासूनपुसून’मध्ये पु ऱ्हस्व आणि सू दीर्घ, हे हात बसेपर्यंत चुकणारच.

*दुसऱ्या, कोपऱ्यावरच्या, पण सूर्य, पर्वा.* हिंदी लिहिणारे इथे हमखास ‘दुसर्या’ लिहितात. मराठीत हे दोन वेगळे उच्चार आहेत. ‘सूर्य’ म्हणताना आधीच्या ‘सू’वर आघात येतो, म्हणून रफार डोक्यावर. ‘दुसऱ्या’त ‘स’ला धक्का बसत नाही, र पुढच्या य ला हळूच चिकटतो, म्हणून तो डोळ्याच्या पापणीसारखा आडवा काढायचा. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. दोन्ही मोठ्याने म्हणा, फरक जिभेलाच कळेल.

*ळ.* सकाळ, नळ, पाळी, वेळ, वाळूज, खोळंबली. मागच्या तुकडीत एकाने लिहिलं होतं, ‘पहिल्या पालीला जाणारे कामगार’. पाल भिंतीवर असते. तिला भेटायला कुणी वाळूजला जात नाही. पण गल्ली, बादल्या, उलट्या, ओलांडतो यांत साधा ल. उर्दू शाळेतून आलेल्यांना ळ ऐकायला थोडे दिवस लागतात. त्यांना ‘काल’ आणि ‘काळ’, ‘वेल’ आणि ‘वेळ’ अशा जोड्या रोज वाचून दाखवा.

*ण.* पाणी, पण, कोणी, धरणातून, पैठण. ‘पन्नास’मध्ये मात्र न, आणि तोही दोनदा.

*अनुस्वार.* ‘काकूंनी’, ‘काकूंचा’ यांतलं टिंब मानाचं आहे. काकू एकच आहेत, तरी आदराने अनेकवचन वापरतो, आणि अनेकवचनाला प्रत्ययाआधी अनुस्वार लागतो. ‘काकूनी’ लिहिलंत तर अर्धा गुण जाईल आणि काकूंनी पाहिलं तर भाडंही वाढेल. ‘वर्षांपूर्वी’तही हेच : वर्षे चारशे, म्हणून टिंब. ‘टँकर’वर अर्धचंद्र आणि टिंब दोन्ही द्या.

*दरवाजाशी.* ‘दरवाज्याशी’ लिहिणाऱ्यांनी हात वर करा. बहुतेक सगळे असतील, आणि वर्तमानपत्रांतही ते दिसतं. नियम सांगतो, की ‘जा’ने संपणाऱ्या पुल्लिंगी शब्दात य घालायचा नाही : दरवाजाला, मोजांना. हे शहर बावन्न दरवाजांचं म्हणून ओळखलं जातं, तेव्हा इथे राहणाऱ्याला हा एक शब्द तरी नीट लिहिता यावा. या वेळी गुण कापू नका, लाल शाईने गोल करा.

*चुकला, वाजले.* इथला च आणि ज दातांजवळचा; ‘चारशे’तला च टाळूचा. लिपीत दोन्हींसाठी एकच अक्षर आहे. ज खाली टिंब देऊ नका, मराठीत ती पद्धत नाही.

*अवतरणातली भाषा.* इथे मी दोनदा वाद ओढवून घेतला आहे, पुन्हा घेतो. निवेदनात ‘वाहने खोळंबली’, ‘पाणी पुरवले’ असं लेखी वळण आहे. माणसं बोलतात तेव्हा ‘पाणी गेलं’, ‘अर्धंच भरलं’, ‘कुठं’. बोलण्यातलं ते डोक्यावरचं टिंब जसं ऐकलं तसं लिहायचं. ते सुधारून ‘गेले’, ‘कुठे’ केलंत तर अर्धा गुण गेला. श्रुतलेखन म्हणजे ऐकलेलं लिहिणं.

‘कुठं जाऊ राहिले’ हे आपल्या संभाजीनगर-जालना भागातलं चालू काळाचं बोलणं. पुस्तकात ‘कुठे जात आहात’ असेल. लातूर-नांदेडकडचा माणूस ‘कुठं जायलाव’ म्हणेल. यातलं काहीही अशुद्ध नाही. फक्त बँकेच्या अर्जावर लिहू नका. आणि रिक्षावाला ‘राहिले’ म्हणतो ते एकट्या साहेबांना. तोही मान आहे. ‘ते उलट्या बाजूला राहिलं’मधलं ‘राहिलं’ मात्र वेगळं : ते ठिकाण दुसऱ्या बाजूला पडलं, एवढाच अर्थ. ‘समोरून बसा’ म्हणजे रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने रिक्षा धरा. गेल्या खेपेला एकीने त्याचा अर्थ ‘ड्रायव्हरशेजारी पुढे बसा’ असा घेतला आणि बराच वेळ सगळे हसत होते, पण तिची शंका रास्त होती.

*जोडून लिहायचे.* साडेसहा, घासूनपुसून, मधोमध, घरमालकीण, रिक्षावाला, जमिनीखालून. ‘पैठण गेटच्या’ आणि ‘पेट्रोल पंपावर’ सुटे. पण ‘गेट’पासून ‘च्या’ आणि ‘पंपा’पासून ‘वर’ तोडायचा नाही. हिंदीत ‘पंप पर’ सुटं असतं, म्हणून ही चूक होते.

शुक्रवारी, न सांगता

वहीची कोरी पानं काढायला लावा आणि ही पाच वाक्यं एकदाच, न थांबता वाचा. विरामचिन्हं सांगू नका.

दुसऱ्या दिवशी काकूंनी दुधाचे पातेले पुलावरच्या दुकानातून आणले.

जुन्या दरवाजापाशी पाणी आणि चिखल झाला होता.

“बादली भरली का?” “नाही, मोटारच सुरू झाली नाही.”

पहिल्या पाळीची वेळ चुकली, म्हणून तो कोपऱ्यावर चहा पीत बसला.

पाल लिहिली गेली तर फळ्यावर तिचं चित्र काढा.