गृह आधार: अर्जाआधी हे तपासा

गोवा सरकारच्या गृह आधार योजनेवरच्या सादरीकरणातल्या स्लाइड्समधून डिचोलीच्या भगिनींसाठी कामाचं तेवढंच काढलंय. महिना 1500 रुपये मिळतात.

पात्र कोण?
☐ वय 18 पूर्ण, विवाहित
☐ गोव्यात किमान 15 वर्षं वास्तव्य
☐ वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत. हे नवरा-बायको दोघांचं मिळून. नवऱ्याचा पगार लपवून चालत नाही!

सोबत आणा:
☐ 15 वर्षांचा रहिवासी दाखला. हा मामलेदार कार्यालयातून मिळतो, म्हणून त्याच्या मागे आधी लागा.
☐ उत्पन्नाचा पुरावा
☐ विवाह नोंदणीचा दाखला. चर्चचा किंवा भटजींचा कागद नव्हे.
☐ आधार कार्ड, बँक पासबुक, फोटो

सगळीकडे नाव सारखं आहे ना, बघा. माहेरचं आडनाव पासबुकात राहिलं असेल तर आधी बदलून घ्या.